पेटी रस्त्यात नाही, दारात तापते: एका सादरीकरणाची चिरफाड

अंधेरी पूर्वेला औषधांच्या एका वितरकाकडे मी कामाला आहे. माझं मूळ काम हिशेबाचं. पण ऑफिसात कुणाला 'प्रेझेंटेशन' करायचं असलं की फाइल माझ्याकडे येते, कारण एकदा मी कुणाचा तरी बिघडलेला फाँट दुरुस्त करून दिला होता. मुंबईत एखादं काम एकदा करून दाखवलं की ते कायमचं गळ्यात पडतं.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर डिस्पॅच सांभाळणाऱ्या ताईंची फाइल आली. त्यांना पंधरा मिनिटं बोलायचं होतं. समोर पॅकिंगची मंडळी, टेम्पोचे ड्रायव्हर, दोन सुपरवायझर आणि आमचे साहेब, मिळून पंचविसेक माणसं. विषय होता इन्सुलिनच्या थंड पेट्या. इन्सुलिनचा साठा 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावा लागतो. मागच्या महिन्यात अशा 14 पेट्या ग्राहकांकडून परत आल्या होत्या. कुठे आत गरम झालेलं, कुठे गोठलेलं. हे थांबवायचं होतं.

फाइलमध्ये नऊ स्लाइड होत्या. चौथी उघडली आणि मी चष्मा पुसला. शीर्षक होतं 'शीतसाखळी व्यवस्थापन: अडचणी व उपाययोजना'. खाली अकरा मुद्दे. त्यातले काही असे:

- वाहतूक कोंडीमुळे पेट्या पोहोचण्यास होणारा विलंब
- आइसपॅक कंडिशनिंगबाबत सूचनांचे पालन न होणे
- लोडिंगच्या वेळी पेटीचे झाकण उघडे राहिल्याने तापमानवाढ (14 पैकी 9 पेट्या)
- तापमान नोंदवहीत वेळेवर नोंद न करणे
- उपाययोजना: संबंधितांना प्रशिक्षण देणे

उजव्या कोपऱ्यात तापमानाच्या नोंदींचा चोवीस ओळींचा तक्ता. तळाशी कंपनीच्या टेम्प्लेटची निळी पट्टी, लोगोसकट, पडद्याचा सहावा भाग खाऊन बसलेली. अक्षर पांढऱ्यावर राखाडी.

ताईंना मी विचारलं, "यातलं लोकांना नेमकं काय सांगायचंय?"

त्या म्हणाल्या, "अहो, सगळे म्हणतात साकीनाक्याच्या ट्रॅफिकमुळे पेट्या तापतात. मी नोंदी काढून बघितल्या. पेटी तापते आपल्याच दारात. बिल जुळवायला झाकण उघडतात आणि तसंच ठेवतात."

एवढं साधं, एवढं कामाचं वाक्य. स्लाइडवर ते सातव्या ओळीत होतं, तेही कंसात आकडा घालून. आणि पहिली ओळ होती वाहतूक कोंडी, म्हणजे ताईंना जो समज खोडायचा होता तोच.

स्लाइड अशी का झाली

अशी स्लाइड दिसली की आपण म्हणतो, करणाऱ्याला दृष्टी नाही. मला ते पटत नाही. ताईंच्या गोदामातली मांडणी बघा, एक खोकं वाकडं दिसणार नाही. गोंधळ दुसरीकडे होता.

साहेबांचा दंडक होता की दहापेक्षा जास्त स्लाइड नकोत. दंडकामागचा हेतू चांगला, भाषण लांबू नये. पण बोलायचा मजकूर तेवढाच राहतो आणि स्लाइड कमी होतात, त्यामुळे तो प्रत्येक स्लाइडमध्ये ठासला जातो. पंधरा मिनिटं ही घड्याळावर मोजायची गोष्ट आहे. नऊ स्लाइडमध्ये पंचवीस मिनिटं बोलता येतं आणि वीस स्लाइडमध्ये बारा.

दुसरं, हीच फाइल नंतर हेड ऑफिसला मेल करायची होती. म्हणजे जो माणूस भाषणाला नव्हता, त्यालाही वाचून सगळं कळायला हवं. आणि तिसरं, जे ताईंनी थोडं लाजत सांगितलं: "बोलताना विसरले तर? समोर लिहिलेलं असलं की बरं पडतं."

एकच स्लाइड तीन नोकऱ्या करत होती. समोरच्यांना दाखवायचा फलक, मेलने पाठवायचा अहवाल आणि बोलणाऱ्याची चिठ्ठी. हे वेगळं केल्याशिवाय नुसती काटछाट करून उपयोग नव्हता, कारण काढलेली प्रत्येक ओळ यातल्या कुठल्या तरी कारणाने परत आत आली असती. म्हणून आधी वाटण्या केल्या. हेड ऑफिससाठी एक पानी टिपण वेगळं, त्यात तक्ता आणि सगळे अकरा मुद्दे. ताईंच्या आठवणीचं सगळं स्लाइडखालच्या नोट्समध्ये, जे बोलणाऱ्याला लॅपटॉपवर दिसतं आणि समोरच्या पडद्यावर नाही. उरलं ते फलकाचं. साहेबांना मी सांगितलं, स्लाइड सतरा होतील पण वेळ चौदा मिनिटांच्या वर गेली तर मला विचारा. ते "बघू" म्हणाले. हिशेबाच्या माणसाला यापेक्षा जास्त होकार मिळत नाही.

शेवटची खुर्ची

मग आम्ही मीटिंगच्या खोलीत गेलो, टेप घेऊन. तिथे 55 इंची टीव्ही आहे. त्याच्या पडद्याची उंची साधारण 68 सेंटिमीटर. शेवटची खुर्ची टीव्हीपासून 6 मीटरवर.

आता थोडा हिशेब, माझा आवडता भाग. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड साडेसात इंच उंच असते, म्हणजे 540 पॉइंट. ताईंच्या त्या स्लाइडवर अक्षर किती पॉइंटचं होतं? त्यांनी 28 चं टाइप करायला सुरुवात केली होती. पण मजकूर चौकटीत मावेनासा झाला की पॉवरपॉइंट स्वतःहून अक्षर लहान करत जातं. हे इतकं हळूच होतं की करणाऱ्याला कळतही नाही. अकराव्या मुद्द्यापर्यंत अक्षर 12 वर आलं होतं.

540 पैकी 12 म्हणजे टीव्हीवर दीड सेंटिमीटर. पण हे दीड सेंटिमीटर वरच्या मात्रेपासून खालच्या उकारापर्यंतच्या सगळ्या जागेचं. शिरोरेषेखालचं प्रत्यक्ष अक्षर त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त भरतं, म्हणजे जेमतेम 9 मिलिमीटर.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा तक्ता 6 मीटर अंतराच्या हिशेबाने बनवलेला असतो. '6 बाय 6' नजर म्हणतात ती ज्या ओळीवर ठरते, त्या ओळीतलं अक्षर पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास असतं. म्हणजे शेवटच्या खुर्चीतल्या ड्रायव्हरकाकांसमोर आम्ही अकरा ओळींची नेत्रतपासणी ठेवणार होतो. तीही देवनागरीत, जिथे अक्षर ओळखलं तरी काम संपत नाही. अनुस्वाराचा ठिपका, रफार, वेलांटी पहिली की दुसरी, हे सगळं त्या अक्षराच्याही एका छोट्या तुकड्यात असतं. 'तापमान नोंद' मधला अनुस्वार त्या आकारात दोन-अडीच मिलिमीटरचा. तो सहा मीटरवरून जेमतेम दिसतो, माणूस अंदाजाने वाचतो. आणि अंदाज लावण्यात गुंतलेला माणूस बोलणाऱ्याचं ऐकत नाही.

तपासणीच्या ओळीच्या दुप्पट-तिप्पट मोठं अक्षर असलं की वाचायला जोर लागत नाही. त्यावरून आम्ही ठरवलं: शीर्षक 36, बाकी काहीही 28 च्या खाली नाही, आलेखावरचे आकडेसुद्धा. हे आकडे आमच्या खोलीचे आहेत. टीव्ही 43 इंची असता किंवा खोली लांब असती, तर वाढवावे लागले असते.

हा हिशेब दरवेळी कोण करणार? त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. माझा लॅपटॉप 14 इंची, टीव्ही 55 इंची, म्हणजे जवळजवळ चारपट. शेवटची खुर्ची 6 मीटरवर, त्याचा चौथा भाग दीड मीटर. लॅपटॉपवर स्लाइड पूर्ण पडदाभर उघडायची, पाच फूट मागे जाऊन उभं राहायचं आणि वाचायचं. जे दिसेल तेच शेवटच्या खुर्चीतून दिसणार. ताई मागे सरकल्या, डोळे बारीक केले, आणि म्हणाल्या, "अहो, मला माझंच लिहिलेलं वाचता येत नाहीये."

त्यानंतर मला काही समजवावं लागलं नाही.

अक्षर आपोआप लहान होणं मात्र बंद करून टाकलं. मजकुराच्या चौकटीच्या सेटिंगमध्ये `Shrink text on overflow` निवडलेलं असतं, तिथे `Do not Autofit` करायचं. मग मजकूर जास्त झाला की तो चौकटीबाहेर ओसंडतो आणि डोळ्यांना खुपतो. तो खुपायलाच हवा.

एका स्लाइडवर एक गोष्ट, पण 'एक' कशाला म्हणायचं

'एका स्लाइडवर एकच मुद्दा' हे सगळ्यांना पाठ असतं. 'शीतसाखळी व्यवस्थापन' हाही एकच मुद्दा आहे असं कुणी म्हणेलच की. विषय एक असला म्हणजे मुद्दा एक होत नाही. आम्ही कसोटी लावली ती व्याकरणाची: शीर्षक पूर्ण वाक्य हवं, त्यात क्रियापद हवं, आणि ते वाक्य 'आणि' किंवा 'व' शिवाय पुरं व्हायला हवं. 'अडचणी व उपाययोजना' इथेच नापास.

मराठीत हे जरा जास्तच नडतं. कचेरीत लिहायला बसलं की आपला हात आपोआप 'बाबत', 'संदर्भात', 'न होणे' कडे जातो. 'सूचनांचे पालन न होणे' यात कोण, काय, कधी, काहीच नाही. ताईंना मी म्हटलं, दारात उभं राहून ओरडून सांगायचं असतं तर काय म्हणाला असता? त्यांनी लगेच सांगितलं: "पेटी रस्त्यात नाही, दारात तापते." झालं शीर्षक. 36 च्या अक्षरात एका ओळीत बसलं.

चौथ्या स्लाइडच्या पोटातून अशा पाच स्लाइड निघाल्या:

पेटी रस्त्यात नाही, दारात तापते.
बिल आधी जुळवा, झाकण नंतर उघडा.
फ्रीझरमधला आइसपॅक थेट लावला की इन्सुलिन गोठतं.
गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं.
पॅक हलवा, आत पाणी खळखळलं की मगच पेटीत घाला.

शेवटच्या तीन एकच नाहीत का, असं साहेबांनी विचारलं. एकत्र बांधता आल्या असत्या. पण तिसरी ऐकून पॅकिंगची मंडळी चपापणार होती, कारण त्यांच्या मते जितकं थंड तितकं चांगलं. हा समज मोडायला काही क्षण लागतात, तेवढा वेळ पडद्यावर दुसरं काही नको. चौथीवर ताई नुसत्या थांबणार होत्या. पाचवी हाताने करायची कृती, त्यावर फोटो: हाताच्या तळव्यात धरलेला, बाहेरून दव सुटलेला पॅक. सगळ्या ओळी एकदम दाखवल्या असत्या तर लोक पाचवीपर्यंत वाचून मोकळे झाले असते आणि ताई तिसरीवरच असत्या.

नोंदवहीचा मुद्दा भाषणातून काढलाच. तो सुपरवायझरांचा होता, बाकी तेवीस जणांचा नाही. टिपणात गेला.

आलेख

सगळ्यात जास्त वेळ गेला जुन्या चौथ्या स्लाइडवरच्या तक्त्याला. परत आलेल्या एका पेटीत तापमान नोंदवणारं यंत्र होतं, दर पंधरा मिनिटांनी एक आकडा. सकाळी नऊला पेटी भरली तेव्हा 4 अंश. साडेदहाला झाकण बंद करून टेम्पोत चढवली तेव्हा 9. वाटेत, बंद पेटीत, ती अर्ध्या तासात 7 वर आली आणि सव्वा वाजता पोहोचेपर्यंत तिथेच राहिली. म्हणजे ट्रॅफिकमध्ये अडकलेली पेटी उलट निवत होती!

हे तक्त्यात होतंच. पण चोवीस ओळींत नेमक्या कुठल्या बघायच्या ते फक्त ताईंना माहीत होतं. आम्ही एक रेषा काढली. पॉवरपॉइंटने दिलेल्या आडव्या-उभ्या जाळ्या, सावली, बाजूची रंगसूची, सगळं पुसलं. 8 अंशांवर एक आडवी ठळक रेघ, तिच्या टोकाशीच लिहिलं '8 अंश'. तापमानाची रेषा राखाडी, फक्त नऊ ते साडेदहाचा चढ गडद केशरी, आणि त्याच्या शेजारी दोन शब्द: 'झाकण उघडं'. उरलेल्या उताराशेजारी 'रस्त्यात'. लाल-हिरवं मुद्दाम टाळलं, काहींना त्यातला फरक दिसत नाही. गडद आणि फिकट मात्र सगळ्यांना दिसतं.

खिडकी पश्चिमेची आणि भाषण दुपारी चारचं, त्यामुळे पडद्यावर उजेड येणार होता. राखाडी अक्षर काळं केलं, आणि खालची निळी पट्टी पहिल्या व शेवटच्या स्लाइडपुरती ठेवली. लोगोबद्दल एक फोन आला. तो मी घेतला नाही.

जे चुकलं

रंगीत तालीम आदल्या दिवशी केली, पॅकिंगच्या दोन मुलींना बसवून. तेव्हा पहिल्या स्लाइडवर मी, उत्साहाच्या भरात, फक्त '9' एवढंच लिहिलं होतं. प्रचंड मोठा आकडा, बाकी काही नाही. मला ते फार भारी वाटलं होतं. एक मुलगी म्हणाली, "नऊ वाजता यायचं का?" चूक सगळी माझी. एक गोष्ट म्हणजे एक शब्द नव्हे. वाक्य पुरं हवं. '14 पैकी 9 पेट्या दारातच तापल्या' असं केलं.

दुसरं, मी ओळी एकेक करून उगवणारी अॅनिमेशन घातली होती. ताईंच्या हातात क्लिकर, बोलणं पुढे, पडदा मागे. दोनदा मागे-पुढे करून त्या वैतागल्या. अॅनिमेशन काढून, जिथे चित्र टप्प्याटप्प्याने उलगडायचं होतं तिथे तीच स्लाइड दोनदा ठेवली, दुसरीवर एक गोष्ट जास्त. एक क्लिक, एक स्लाइड, बस.

आणि फाँट. मी मुक्ता वापरला होता. तो मुंबईच्याच 'एक टाइप' या गटाचा, मोफत मिळणारा, जोडाक्षरं स्वच्छ. मीटिंगच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर तो नव्हता. बदली फाँट आला, त्याची रुंदी वेगळी, आणि 'पेटी रस्त्यात नाही, दारात' एवढं वरच्या ओळीत राहून 'तापते' एकटंच खाली आलं. मराठीत क्रियापद शेवटी. तेच तुटून पडलं. सेव्हच्या पर्यायांत `Embed fonts in the file` आहे, ते चालू केलं, शिवाय पीडीएफही सोबत ठेवली. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधून आणलेला मजकूर असला तर याहून वाईट होतं. अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा भुगा दिसतो. तो मजकूर पुन्हा टाइप करणं किंवा युनिकोडमध्ये बदलून घेणं, एवढाच मार्ग.

ठळकपणासाठी अधोरेखित करायची ताईंना सवय होती. देवनागरीत ती रेघ उकार आणि ऋकार कापत जाते, 'जुळवा' मधला उकार दिसेनासा होतो. तिथे अक्षर जाड केलं, तेही एका स्लाइडवर एकाच शब्दाचं.

भाषणाच्या दिवशी

तेरा मिनिटं लागली. सतरा स्लाइड झाल्या हे साहेबांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर बोलले नाहीत. आलेख आला तेव्हा ड्रायव्हरकाका मागून मोठ्याने म्हणाले, "बघा! मी कधीपासून सांगतोय, आमच्यावर ढकलता!" त्यावर हशा झाला आणि ताईंनी कीबोर्डवर B दाबून पडदा काळा केला. सगळ्यांची तोंडं एकमेकांकडे वळली, दोन मिनिटं खरी चर्चा झाली. पुन्हा B दाबलं, पुढे चालू.

एका सुपरवायझरने सगळ्या पेट्यांचे आकडे मागितले. तो मोठा तक्ता शेवटच्या स्लाइडनंतर, एकोणिसाव्या जागी ठेवलेला होता. 19 टाइप करून एंटर, लगेच समोर. तो मागून वाचता येत नव्हताच. ताईंनी हवी ती ओळ वाचून दाखवली आणि टिपणाचा कागद त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी तिघांना सहज विचारलं, काल काय ठरलं? दोघांनी झाकणाचं सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत. तिसरा म्हणाला, "आइसपॅक वापरायचे नाहीत." म्हणजे तिसरी स्लाइड डोक्यात राहिली आणि पाचवी गळली. मला वाटतं तिथे धक्क्याची स्लाइड जड झाली आणि कृतीची हलकी. पुढच्या खेपेला ताई फोटोऐवजी खरा पॅकच हातात घेऊन हलवून दाखवणार आहेत, आणि पडदा त्या वेळी काळाच ठेवणार आहेत.

हेड ऑफिसने टिपण मिळाल्यावर विचारलं, "पीपीटी कुठे आहे?" सतरा स्लाइडची फाइल पाठवली. उत्तर आलं, "यात काहीच डिटेल नाहीत." ताईंनी टिपण पुन्हा पाठवलं.

त्या आठवड्यात 'बिल आधी जुळवा, झाकण नंतर उघडा' हे एका कागदावर छापून त्यांनी लोडिंगच्या दारावर चिकटवलं. संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या, हातात टेप. म्हणाल्या, "टेम्पो उभा राहतो तिथून दार बारा फूट आहे. अक्षर किती मोठं करू?"